मोठं ठेव, वाकडं काढ

वाणगावजवळच्या एका रोपवाटिकेत मी गेली बावीस वर्षं काम करते. मिरची, ढोबळी, वांगी, टोमॅटो, वेलभाज्या, सगळ्यांची रोपं आम्ही ट्रेमध्ये तयार करतो आणि ती आसपासच्या शेतांत जातात. घर बोईसरला. तिथे आमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन-चार सोसायट्यांत माझी ओळख 'झाडवाल्या ताई' अशी आहे. त्यामुळे सकाळी दात घासायच्या आधी माझ्या फोनवर कुणाच्या तरी कुंडीचा फोटो आलेला असतो आणि खाली एकच ओळ: ताई, हे काय उगवलंय?

फोटोत बहुतेक वेळा अर्धा अंगठा असतो, कुंडीची कड असते आणि मधोमध दोन हिरवे ठिपके. लोकांना वाटतं, मला ठिपक्यावरून जात, कूळ, गोत्र सगळं कळतं. माझी चिडचिड होते, पण ती मी मनात ठेवते आणि प्रत्येकाला तेच सांगते. पहिली जी दोन पानं येतात ती बियाच्या पोटातलीच दलं असतात. त्यांच्यावरून फार तर घराणं कळतं, माणूस कळत नाही. मुळा, कोबी, मोहरी यांची दलं बदामासारखी, वर खाच असलेली. मिरची, वांगी, टोमॅटो यांची लांबट आणि टोकदार. दुधी, काकडी, भोपळा, कलिंगड यांची जाड, लंबगोल, गुळगुळीत. त्या दलांच्या मधून जे पुढचं पान येतं ते खरं पान. ते येईपर्यंत कळ काढा. फोटो एक वरून काढा, एक बाजूने काढा, आणि शेजारी आगपेटीची काडी ठेवा, म्हणजे रोप केवढं आहे ते मला कळेल. दुधीची दलं कलिंगडाच्या दलांपेक्षा चांगली मोठी असतात, पण फोन जवळ नेला की फोटोत सगळी सारखीच दिसतात.

काडीचा हा नियम माझाच. मी तो इतक्यांना ऐकवलाय की सोसायटीतले लोक मला चिडवतात, ताईंना फोटो पाठवायचा तर आधी आगपेटी आणा.

जिची ही गोष्ट आहे ती मुलगी सोसायटीतली नव्हे. आमच्या रोपवाटिकेत तिने दोन हंगाम ट्रे भरायचं काम केलं होतं. माहेर डोंगराकडचं. लहानपणी दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाशी गावी परतायची. लग्न झाल्यावर बोईसरला आली. नवरा कारखान्यात, पाळीपाळीने कामाला. पाम गावाच्या बाजूला चाळीतली एक खोली, पुढे हातभर गॅलरी. तिचा हात हलका होता, दिवसाला कुणापेक्षाही जास्त ट्रे भरायची आणि बोलायची फार कमी. काम सोडल्यावरही अधूनमधून तिचा आवाज फोनवर यायचा. लिहायचा तिला कंटाळा, ती बोलूनच निरोप पाठवायची.

यंदा उन्हाळ्यात तिची आई गेली. दिवसकार्याला ती गावी गेली तेव्हा भावाने जुनं घर पाडायला घेतलं होतं. कुडाच्या भिंती उतरवून सिमेंटच्या विटांचं घर उभं करायचं होतं. त्या भिंतीवर तिच्या आईने बी लावलेलं असायचं. ही त्यांच्याकडची जुनी रीत. दुधीचं, काकडीचं बी शेणात कालवून त्याच्या छोट्या थापट्या भिंतीला मारायच्या. वाळलं की शेणाला कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. पेरायची वेळ आली की अख्खी थापटी काढून मातीत पुरायची. बी वेगळं काढत बसायचं नाही.

तिच्या आईचा दुधी आखूड मानेचा आणि पाठीवर पांढरट रेघांचा असायचा. तसला बाजारात मिळत नाही. आम्ही जो विकतो तो लांब, एकसारखा, गिऱ्हाइकाच्या पिशवीत मावेल असा. ती गावी पोचेपर्यंत तीन भिंती उतरवून त्यांची माती नव्या घराच्या जोत्यात भरून झाली होती. उरलेल्या भिंतीवर एकच थापटी शाबूत होती. ती तिने कोयत्याच्या टोकाने सोडवली आणि ओच्यात घालून बोईसरला आणली.

हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं होतं. "ताई, आईचं एवढंच हाय माझ्याकडं," असं म्हणाली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाला भोकं पाडून, माती भरून, तिने आईसारखीच अख्खी थापटी भिजवून पुरली. आठवड्याने फोटो आला. त्या दिवशी आमच्याकडे दोन टेम्पो लागले होते. रोपं मोजून चढवायची होती आणि एक शेतकरी माझ्या डोक्यावर उभा होता. मी फोटो उघडला. पुढे एक छान उघडलेलं रोप, जाड लंबगोल दलं, अगदी ताजी. त्याच्या मागे, जरा धूसर, दुसरं एक मान वाकवून नुकतंच मातीतून वर येत असलेलं, बियाची टोपी अजून डोक्यावर अडकलेली. काडी नव्हती. बाजूने काढलेला फोटो नव्हता. तिचा आवाज होता, "दोनच आलेत ताई. दोन्ही ठेवू का?"

रोपवाटिकेत आमच्या हाताला एक सवय असते. ट्रेच्या एका घरात, म्हणजे खळग्यात, दोन रोपं आली की एक चिमटीने काढायचं. मोठं ठेवायचं, मागे पडलेलं, वाकडं, टोपी अडकलेलं काढायचं. दिवसाला हजारो घरांवरून हात फिरतो, त्यात विचार नसतो. मी फोनवर बोलले, "वेलच आहे. मोठं ठेव, वाकडं काढ. एका बादलीत दोन नकोत."

तिने विचारलं, "वाकडं पण आलं असतं ना?" मी म्हटलं, "अगं, एकमेकांचं खातील. काढ." आणि फोन खिशात टाकून मी टेम्पोकडे गेले.

सहा-सात दिवसांनी दुसरा फोटो आला. या वेळी तिने आपण होऊन शेजारी काडी ठेवली होती. खरं पान आलं होतं. दुधीचं पहिलं पान गोलसर, मऊ, मखमलीसारखी लव असलेलं असतं. हे पान राखाडी हिरवं होतं आणि कडेला खोल खाचा. दलं काडीच्या मानाने केवढीशी. मी आधी मान्यच केलं नाही. तिला म्हटलं, दुसरं पान येऊ दे, मग सांगते. पहिलं पान कधी कधी फसवतं, असंही बोलले, आणि ते खोटं नव्हतं, पण मला जे दिसत होतं ते दिसत होतं.

दुसरं पान आलं तेव्हा शंका उरली नाही. नखांनी कातरल्यासारखं पान, कलिंगडाचं. आईच्या गाईने उन्हाळ्यात कुठेतरी साली खाल्ल्या असणार. बी न पचता शेणात आलं, शेणातून थापटीत, थापटीतून बादलीत. ती थापटी फोडून बी बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. पण बघायचं नाही हीच तर रीत होती, आणि ती मोडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मग मी जुना फोटो काढला आणि मागचं धूसर रोप बोटांनी मोठं केलं. मान जाड, फिकट, कलिंगडाच्या दुप्पट. डोक्यावरची टोपी मातकट रंगाची, चपटी, एका टोकाला दोन बारीक कान. दुधीचं बी, थापटीतलं उगवलेलं एकुलतं एक. बावीस वर्षं जे बी मी रोज हाताळते ते त्या फोटोत होतं आणि मी ते उपटायला सांगितलं होतं. टोपीवर पाण्याचे दोन थेंब सोडले असते तरी ती मऊ होऊन निघाली असती. मी तो फोटो किती वेळा मोठा केला आणि लहान केला ते मला आठवत नाही. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

तीन दिवस मी तिला उत्तर दिलं नाही. तिचे निरोप येत राहिले. "ताई, वेल आता पसरायला लागंल. मांडव घालू?" रविवारी मी आमच्याकडचं दुधीचं एक रोप पिशवीत घातलं आणि रिक्षाने तिच्याकडे गेले. खोटं कसं बोलायचं ते वाटेत ठरवत होते. ती चहा टाकायला आत वळेल, तेवढ्यात बादलीतलं काढून हे लावता येईल का, इतका हलकट विचारही केला. फळ लांब आलं तर सांगता आलं असतं की शहराची माती, वेगळं पाणी.

नवरा पाळीवर गेला होता. ती एकटीच होती. गॅलरीत बादलीशेजारी तिने दोन काठ्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या, मांडवासाठी. मी पिशवी उघडलीच नाही. खाली बसले आणि सांगून टाकलं. हे कलिंगड आहे, दुधी तो वाकडा होता, चूक माझी. आणि मग मूर्खासारखं विचारलं, गावाला आणखी एखादी थापटी राहिली असेल का?

"जोत्यात गेली सगळी," ती म्हणाली. "वर फरशी पण बसली."

मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती रागावेल, रडेल, काहीतरी करेल असं वाटत होतं. तिने कलिंगडाच्या पानावरची धूळ बोटाने पुसली.

"उपटला तेव्हा टोपी माझ्या हातातच आली. कान होते तिला. आईच्या बियाला असतात तसेच. मला वाटलं होतं, हाच असंल." मग म्हणाली, "पण म्हटलं, ताईनी फोटो बघितलाय. आपल्याला काय कळतं."

मी म्हटलं, "मग मला फोन का नाही केलास?"

"विचारलेलं ना. तुमी म्हटलं काढ."

खालून एक रिक्षा गेली. तिने दोन्ही काठ्या उचलून भिंतीला लावून ठेवल्या, परत बादलीपाशी येऊन बसली आणि माझ्याकडे बघून, नेहमीसारखाच, साध्या आवाजात विचारलं, "मग ताई, ह्याचं काय करू? ठेवू की काढू?"

आणि मी काय सांगते याची वाट बघत राहिली.