अर्धा उतरलेला फोटो

चारुलताबाईंच्या जिभेला साताऱ्यात भले भले वचकून असत. शनिवार पेठेत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. कुणाचं बोट चुकलं की, "बोटं आहेत का भेंड्या?" असं सगळ्यांसमोर विचारायच्या. पोरं मान खाली घालायची आणि पुन्हा त्यांच्याकडेच शिकायला यायची. कारण बाईंच्या पोटात एक आणि ओठात दुसरं असं कधी नसायचं. पास होणार नसलास तर तोंडावर सांगतील, "फॉर्म भरू नकोस, आणखी सहा महिने बडव." गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पुढं टाइपरायटर मागं पडले, तसा बाईंनी कॉम्प्युटर घेतला आणि नव्व्याण्णव साली त्याला इंटरनेटही जोडलं. घरातला फोन आणि इंटरनेट यांची लाईन एकच; मधेच फोन उचलला की इंटरनेट तुटायचं. वर गल्लीतल्या निम्म्या घरांनी 'पीपी', म्हणजे शेजारचा निरोपाचा फोन, म्हणून हाच नंबर देऊन ठेवलेला. त्यामुळं बाई कॉम्प्युटरला बसल्या की ओरडून सांगायच्या, "फोनला कुणी हात लावायचा नाही!"

कोरेगावकडच्या बनुबाईचा वीरधवल त्यांच्याच क्लासला शिकलेला. पुढं फौजेत गेला. त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली आणि तो जखमी झाल्याचा निरोप आला. मग दिल्लीच्या दवाखान्यातून त्यानं बाईंच्या नंबरावर फोन केला. बनुबाईला गावाहून बोलावून आणलेलं होतं. "आये, मी बरा हाय. पायाला जरा लागलंय," एवढंच तो बोलला. बनुबाईचं समाधान झालं नाही. आवाज त्याचा हाय, पण बोलणं त्याचं न्हाई, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आकाराम, तिचा नवरा, शेतातून हललाच नाही. तिला मात्र पोराला डोळ्यांनी बघायचं होतं. पोरगं धड हाय का न्हाई, एवढंच तिला कळायला हवं होतं.

दवाखान्यात जवानांच्या सोबतीला जाणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीनं मग त्याचा फोटो काढला, स्कॅन केला आणि इंटरनेटवर ठेवला. फाईल मोठी, म्हणून ती दाबून, झिपचं गाठोडं बांधून ठेवलेली. पत्ता आणि फाईल केवढी आहे तो आकडा तिनं बाईंना ईमेलनं कळवला. खाली एक ओळ होती: "आईला फोटो तुम्ही स्वतः शेजारी बसून दाखवा, असं तो म्हणतो." बाईंना वाटलं, पोरगं आईसाठी हळवं झालंय.

बनुबाई सकाळच्या एसटीनं आली. नवं लुगडं नेसून आली होती. "बाई, फोटू कुटनं येनार?"

"फोनच्या तारेतनं. बसा तिथं. वेळ लागेल."

फाईल उतरायला लागली. बाई चहा टाकायला आत गेल्या. बनुबाई फोनपाशी बसली होती. तारेतनं पोराचा फोटो येतोय, तर पोराचा आवाजही येत असणार, असा तिनं साधा हिशेब केला. हळूच रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. कानात कर्कश किरकिराट झाला. घाबरून तिनं तो खाली ठेवला आणि पदर सावरून बसली.

बाई चहा घेऊन आल्या तर लाईन तुटलेली. पण पडद्यावर डाऊनलोड संपल्याचं दिसत होतं. लाईन गेली की त्या प्रोग्रामला वाटे, फाईलच संपली. एरवी बाईंनी ईमेलमधल्या आकड्याशी ताडून पाहिलं असतं. पण बनुबाईचे डोळे त्यांच्या पाठीवर होते. त्यांनी गाठोडं सोडायला घेतलं.

प्रोग्रामनं दोन ओळी फेकल्या. सीआरसी चुकला. फाईल अचानक संपली.

"काय म्हनतंय?"

"गाठोडं बांधताना आतल्या मालाची एक बेरीज मारून ठेवलेली असते. सोडताना ती पुन्हा मारतात. आपली जुळत नाही. माल कमी आलाय."

"मी फोन उचलला हुता," बनुबाई म्हणाली. "त्याचा आवाज येतुया का बघितलं."

दुसरं कुणी असतं तर बाईंनी त्याची सालटी काढली असती. त्या पडद्याकडं वळल्या. मोडकी फाईलही ठेवून घ्यायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती. म्हातारीला निदान चेहरा तरी दिसू दे, म्हणून त्यांनी त्यावर खूण केली आणि फोटो उघडला.

त्या जातीच्या फोटोत ओळी खालून वर भरलेल्या असतात, हे बाईंना माहीत नव्हतं. चेहरा आलाच नव्हता. वरचा निम्मा पडदा काळा, आणि खाली दवाखान्याच्या खाटेची कड. कडेवर बसलेल्या माणसाचा एक पाय फरशीवर, रबरी चपलेत. दुसऱ्या पायाचा पायजमा गुडघ्यापाशी दुमडून पिन लावलेला. त्याखाली फरशी.

 शेजारी बसून दाखवा, असं तो का म्हणाला ते आत्ता कळलं. पडदा बंद करावा हेही सुचेना. बनुबाई कधी उठून मागं उभी राहिली ते त्यांना समजलंच नाही.

"बाई, दुसरा पाय?"

बाईंनी तोंड उघडलं आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. "फोटो अर्धाच आलाय ना. फाईल तुटलीय. म्हणून दिसत नाही."

"व्हय की," बनुबाई लगेच म्हणाली. "माज्यामुळंच तुटली. परत आना. समदा आला की पाय बी यील."

बोललेलं परत घेता येईना. बाईंना स्वतःची शिसारी आली. त्यांनी पुन्हा लाईन लावली. बनुबाई फोनपासून लांब, दाराशी जाऊन बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते, पुन्हा चुकून लागायला नकोत म्हणून. चहावर साय धरली. बनुबाईचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत असावी. मधेच विचारायची, "कुटवर आला?" बाई म्हणायच्या, "येतोय." लाईन तुटू दे, असं बाईंना मनापासून वाटत होतं. त्या दिवशी मेली ती तुटली नाही.

फाईल उतरली. आकडा जुळला. गाठोडं सुटलं. बेरीज बरोबर, चूक एकही नाही.

बाईंनी फोटो उघडला. आता वर वीरधवलचा चेहरा होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले, आणि आईला बघून हसावं तसं तो हसत होता. बनुबाईनं पडद्यावर त्याच्या गालाला हात लावला. "वाळलाय लय," ती म्हणाली. मग बोट हळूहळू खाली आणलं. छाती, हात, मांडी. पिनपाशी बोट थांबलं.

"अजून यायचं असंल," ती म्हणाली. "बेरीज बघा की, बाई. जुळली का?"

बाईंनी खुर्ची तिच्याकडं वळवली. तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"जुळली, बनुबाई," त्या म्हणाल्या. "सगळा आलाय तो."