एकदा वळून पाहिलं होतं

आमच्या घरात माझ्या मुलाला एका नावाने कोणीच हाक मारत नव्हतं. बारशाला ठेवलेलं नाव कागदोपत्रीच राहिलं. बायको त्याला एका फळाच्या नावाने बोलवायची, मी एका पाखराच्या, आणि माझे वडील, आमचे अण्णा, भोकरदनकडच्या गावाहून आले की त्याला सरळ 'सरकार' म्हणायचे. त्यामुळे तो हाकेला वळत नाही, हे आमच्या ध्यानात उशिरा आलं. बायकोच्या ध्यानात ते आधी आलं. माझ्या ध्यानात ते येऊनही मी ते येऊ दिलं नाही.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं हे मूल. चाळिशी ओलांडल्यावर मी बाप झालो. संध्याकाळी कंपनीतून घरी आलो की तो माझं बोट धरायचा आणि मला ओढत पंख्याच्या बटणापाशी न्यायचा. मी बटण दाबायचो, पंखा फिरायला लागायचा आणि तो खाली उभा राहून टाचा उचलून उचलून हसायचा. माझा दिवसभराचा शीण तिथेच उतरायचा. बाकी सगळ्यांना सोडून पोरगा माझंच बोट धरतो, याचा मला केवढा अभिमान! ऑफिसात मी हे किती जणांना सांगितलं असेल.

"अहो, तो माझ्याकडे बघत नाही," बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "माझ्या बांगड्यांकडे बघतो."

"लहान आहे अजून."

"शेजारची त्याच्याहून लहान आहे. दारातून आई दिसली तरी हात पसरते ती."

"मुली लवकर शिकतात," मी म्हणालो. हे मला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण मी ते अगदी ठासून बोललो.

अण्णा त्या वेळी आमच्याकडेच होते. त्यांनी खाटेवरूनच निकाल दिला. "चार जणं चार नावं घेऊन राह्यले. लेकरानं कोनत्या नावाला वळावं मंग? अन् बोलायचं म्हनशीन, तर हा तुझा नवराबी लई उशिरा बोलला. आता बघ, बंद होत न्हाई."

आम्ही सगळे हसलो. बायकोही हसली, पण तिने ते 'चार नावं' मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून घरात फक्त कागदावरचं नाव चालायचं, असा तिने हुकूम काढला. अण्णांच्या तोंडून 'सरकार' सुटलं की ती डोळे वटारायची आणि अण्णा जीभ चावायचे. स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, दाराआडून आम्ही एकाच नावाने हाका मारू लागलो. तो गाडीचं चाक बोटाने फिरवत बसलेला असायचा. वळायचा नाही. पण बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की आतल्या खोलीतून पळत यायचा.

"बघा, कान एकदम बराबर हाय," अण्णा म्हणायचे. "मर्जीचा मालक हाय तो."

आणि मग ते एकदा घडलं. मी सकाळी मोटारसायकल काढत होतो. गॅलरीत तो जाळीला धरून उभा होता. मी खालून नाव घेतलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी डोळ्यांत. हसलासुद्धा. मी गाडी तशीच उभी करून जिना चढून वर गेलो आणि बायकोला सांगितलं. तिने त्याला जवळ घेऊन पुन्हा नाव घेतलं. तो तिच्या बांगड्या मोजल्यासारख्या सरकवत राहिला.

त्यानंतर तिने विषय काढला की मी ते एकदाचं पाहणं पुढे करायचो. तिचं तोंड बंद करायला मला तेवढं पुरायचं.

दीड वर्षाची लस द्यायला आम्ही मस्तगड भागातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी सुईच्या आधी एक कागद दिला. या वयाच्या सगळ्याच मुलांच्या आईवडिलांना आपण हा देतो, असं त्या म्हणाल्या. हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्यायचं होतं. मूल बायकोच्या कडेवर होतं, म्हणून पेन माझ्या हातात आलं. नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देतो का? हो. तुमच्या डोळ्यांत पाहतो का? हो. तुम्ही करता तसं करून पाहतो का? हो. परीक्षेला मुलगा बसला होता आणि पेपर बाप सोडवत होता.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. मग मुलाकडे पाहिलं. तो जमिनीवर उतरून त्यांच्या खुर्चीचं चाक फिरवण्यात रमला होता. त्यांनी मागून त्याला नावाने हाक मारली, थांबल्या, पुन्हा मारली. मग मला म्हणाल्या, "आपण एकेक प्रश्न परत बोलू या का? हाकेला वळतो असं तुम्ही लिहिलंय. कधी वळला, सांगा बरं."

मी गॅलरीचा किस्सा सांगितला. रंगवूनच सांगितला.

"छान. अजून कधी?"

मी बायकोकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

"हे एखाद-दोनदा केलं असेल आणि एरवी करत नसेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तर उत्तर 'नाही' लिहायचं. तो नेहमी काय करतो, ते आम्हाला हवं असतं."

मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासण्याच्या खोलीत काम करतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवून किती उगवलं ते मोजायचं, हीच माझी भाकरी. दोन-चार कोंब टरारून आले म्हणून मी आजवर एकही लॉट पास केलेला नाही. वरच्या साहेबांशी भांडलोय त्यापायी. हे मला तिथेच, त्या खुर्चीत आठवलं आणि माझे कान तापले. मूल म्हणजे बियाण्याचा लॉट नव्हे, हे मला कळतं. पण डोळ्यांनी जे दिसतं तेच लिहायचं, एवढी साधी गोष्ट मी कंपनीच्या मक्यासाठी करत होतो आणि पोटच्या पोरासाठी केली नाही.

"बोटाने काही दाखवतो का?" त्यांनी पुढे विचारलं. "मागायला नव्हे, नुसतं दाखवायला. विमान दिसलं, कुत्रं दिसलं, तर बोट करून तुमच्याकडे बघतो का, की 'तुम्हीपण बघा' म्हणून?"

"माझं बोट धरून पंख्याच्या बटणापाशी नेतो की," मी म्हणालो.

"तुमचं बोट. स्वतःचं?"

तेव्हा बायको बोलली. मोठ्याने नाही. "नाही करत. मॅडम, यातलं बरंच नाही करत." आणि एकेका प्रश्नाचं खरं उत्तर तिने दिलं. डॉक्टरबाई लिहीत गेल्या. एवढ्या महिन्यांत तिने काय काय पाहून ठेवलं होतं, ते मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"ही चाळणी आहे, निदान नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण पुढे तपासायलाच हवं आणि वाट बघत बसायचं नाही. आधी कानांची तपासणी करून घ्या. मुलांची वाढ आणि विकास बघणाऱ्या डॉक्टरांकडे मी चिठ्ठी देते."

"मी नोकरीला जाते, जेवताना त्याच्या हातात मोबाईल देतो, त्याने झालं असेल का?" बायकोने विचारलं.

"तुम्ही दोघांनी काही केलं म्हणून हे होत नसतं. मोबाईल बाजूला ठेवाच, पण अपराध म्हणून नाही. तेवढा वेळ त्याला माणसं मिळतील म्हणून."

कानांच्या तपासणीला आम्ही संभाजीनगरला गेलो. झोपेचं औषध देऊन, कानात बारीकसं यंत्र लावून, डोक्याला तारा चिकटवून तपासलं. दोन्ही कान व्यवस्थित. मी खाली जाऊन पेढे घेऊन आलो, अण्णांना फोन लावला, "कान एकदम चांगले!" म्हणून ओरडलो. परतीच्या गाडीत बायको पेढा हातात धरून बसली होती. बदनापूर गेलं तरी तो तसाच.

"खा ना."

"ऐकू येतं त्याला," ती म्हणाली. "मग माझ्या हाकेला का वळत नाही हो?"

मूल तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. 'मुली लवकर शिकतात'सारखं काही ओढूनताणून सांगायचं मी पहिल्यांदाच टाळलं. पेढा तिने पदराच्या टोकात बांधला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोही उशिराच.

पुढच्या तपासणीत विकासाच्या डॉक्टरांनी त्याच्याशी कितीतरी वेळ खेळून पाहिलं, आम्हाला जन्मापासूनचं विचारलं आणि ऑटिझम असल्याचं सांगितलं. आजार नाही, औषधाने जाणारं काही नाही. त्याचं जगाशी जोडून घेणं वेगळं आहे, आणि आता सुरुवात केली तर त्याला शिकायला सोपं जाईल, असंही त्यांनी समजावलं. थेरपी सुरू झाली. आठवड्याचे ठरलेले दिवस थेरपीच्या ताई शिकवायच्या आणि उरलेले दिवस आम्हाला घरी तेच करायचं होतं. त्याच्यासमोर त्याच्या उंचीला बसायचं. तो चाक फिरवतो तर आपणही फिरवायचं. मग तो काय करतो ते बघत थांबायचं. हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' असं करायचं नाही.

अण्णांना हे पटवताना माझी वाट लागेल, असं मला वाटलं होतं. ते पोळ्यानंतर आले, पिशवीत मातीचे बैल घेऊन. मुलाने ते भिंतीकडेने एका ओळीत लावले. अण्णांनी बराच वेळ पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकत, "आई गं" करत जमिनीवर बसले आणि एक बैल ओळीत लावला. मुलाने तो काढून दुसरीकडे ठेवला.

"चुकलं का सरकार?" अण्णा म्हणाले. मग बायकोकडे बघून जीभ चावली.

"असू द्या, अण्णा," ती म्हणाली.

"त्याच्या जागी लावला न्हाई का मी? बरं, तुम्ही दाखवा." आणि ते दुसरा बैल हातात घेऊन थांबले. तसं थांबणं मला जमायला फार दिवस लागले होते.

माझं बोट धरून तो अजूनही बटणापाशी नेतो. ते लक्षणांमध्ये येतं, हे कळल्यावर काही दिवस मला त्या बोटाकडे बघवेना. जे मी मिरवलं, त्यावरच डॉक्टरबाईंनी 'स्वतःचं?' म्हणून विचारलं होतं. मग एका संध्याकाळी तो बोट धरून ओढत असताना माझ्या मनात आलं, की घरात इतकी बोटं आहेत आणि याला माझंच हवं असतं. लक्षण असेल. पण ते माझंच बोट आहे.

परवा दुपारी लाईट गेली होती. आम्ही दोघं फरशीवर पडलो होतो, तो बंद पंख्याकडे बघत आणि मी त्याच्याकडे. लाईट आली. पंखा कुरकुरत फिरायला लागला. त्याने पंख्याकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा पंख्याकडे. जसं काही मलाही तो दिसतोय ना, याची खात्री करून घेतली.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"एकदा."

"मग 'नाही' लिहायचं," ती म्हणाली आणि हसली. तिचे हात थांबले होते. मग कणकेच्या हातानेच तिने पाट माझ्याकडे सरकवला. "बसा. आधी पंख्याकडे बघितलं, की तुमच्याकडे? नीट सांगा, रंगवू नका."