ओटीपी बाबांनी टाकला

चिपळूणहून आत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. मांडीचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणालाच खिळून होती. "दादाला एकदा घेऊन ये गं," ती म्हणाली. "तो अजून मला ओळखतोय तोवर ये."

बाबा तेव्हा समोरच खिडकीशी बसले होते. आई गेल्यावर मी त्यांना डोंबिवलीच्या घरातून माझ्याकडे ठाकुर्लीला आणलं होतं. सुरुवातीला ते चष्मा, किल्ल्या विसरायचे. मग आई गेल्याचं विसरले. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पण आम्ही घरात ते कधी उच्चारलं नाही. सकाळी ते बहुतेक ठीक असायचे. दुपार कलली की कुठेतरी निघून जायचे, खुर्चीत बसल्या बसल्याच.

रविवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, "बाबा, आत्याकडे जायचंय. तिकिटं काढते."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "काढ. पण पैसे माझ्या कार्डावरून. बहिणीला भेटायला मी मुलीच्या पैशांनी जाणार नाही."

मी हो म्हटलं. त्यांच्या हातात आता ठरवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. तेवढं तरी त्यांचं राहू द्यावं, असं वाटलं.

तिकीट काढायला मला शिकवलं होतं ते बाबांनीच. ते सहकारी बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर तिकिटं काढायला शिकले, आणि मग डोंबिवलीच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगची गावाला जायची तिकिटं तेच काढून द्यायचे. घरातल्यांची नावं ॲपमध्ये कायमची भरून ठेवायची युक्तीही त्यांचीच. "नाव ओळखपत्रावर असतं तसंच घाल, जन्मतारीख तपासून घे. एकदा नीट भरलं की परत टायपायला नको, नुसती टिक करायची." माझ्या ॲपमधल्या त्या यादीत आम्हा तिघांची नावं होती. आईचं मी काढलं नव्हतं. त्या दिवशीही तिच्या नावावरून बोट पुढे सरकवलं, बाबांच्या आणि माझ्या नावापुढे टिक केली. ठाणे ते चिपळूण, दिवसाची गाडी, दोघांनाही खालचा बर्थ मिळाला तर बरं. जागा थोड्याच दिसत होत्या.

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू काहीतरी मागायला आल्या, त्यांच्याशी बोलण्यात वेळ गेला. पुन्हा फोन हातात घेतला तोवर दुपार झाली होती. ते मी लक्षात घ्यायला हवं होतं.

माहिती पुन्हा भरली. बाबांच्या कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे टाकले. बँकेचं पान उघडलं. खिशातला त्यांचा जुना बटणांचा फोन वाजला. स्मार्टफोन जमेनासा झाल्यापासून ते तोच वापरायचे, आणि बँकेकडे नंबरही त्याचाच होता.

"बाबा, ओटीपी आलाय बघा. सांगता?"

त्यांनी फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग तो छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "बाबा, मी आहे. तिकीट काढतोय ना आपण? आत्याकडे जायला."

"तुम्हाला माझ्या बहिणीचं कोणी सांगितलं?" आवाज चढला नव्हता. काउंटरच्या जाळीमागून बोलल्यासारखा शांत, सावध होता. "हे बघा, बाई. हा आकडा कोणालाही सांगायचा नसतो. यात तसं लिहिलंय. बँकेचा माणूस मागत नाही, आणि मागितला तर तो बँकेचा नसतो."

त्यांनी मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. रागावले तरी "गं"च असायचं.

"बाबा, मी तुमची मुलगी."

"सगळे तसंच सांगतात," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला कोणीतरी फोनवर भाचा म्हणून फसवलं होतं. त्यानंतर बाबांनी आम्हाला कितीदा तरी बजावलं होतं, "समोर कोणीही असो, मी असलो तरी, सांगायचा नाही."

पडद्यावर वेळ संपल्याचा निरोप आला. व्यवहार झालाच नाही, त्यामुळे पैसेही गेले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या खात्यातून भरून टाकायला काहीच अडचण नव्हती. त्यांना कळलंही नसतं. पण मघाचा उजळलेला चेहरा आठवत होता. शिवाय ते चुकले कुठे होते? समोर अनोळखी बाई होती आणि ती आकडा मागत होती. त्यांनी करायला हवं तेच केलं.

तोंड धुऊन बाहेर आले. त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं पुन्हा भरलं. गाडीत अजून जागा होत्या. बँकेचं पान आलं, तसा मी माझा फोन त्यांच्या हातात दिला.

"काका," मी म्हटलं. "तुमचं तिकीट आहे. आकडा मला सांगू नका. तुम्हीच टाका."

त्यांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. बहुतेक कार्डाचे शेवटचे चार आकडे ताडून पाहिले असावेत, कारण मान डोलावली. "हे बरोबर," ते म्हणाले. चष्मा पुसला. आपला फोन माझ्यापासून थोडा वळवून धरला आणि एकेक आकडा बघून माझ्या फोनवर दाबला. नोटा मोजताना व्हायचे तसे त्यांचे ओठ हलत होते. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले.

"झालं," ते म्हणाले.

तिकीट आलं. दोन्ही जागा पक्क्या, त्यांची खालची. त्यांनी नावं वाचली आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"ही माझी मुलगी. ठाकुर्लीला राहते. येईल ना ती बरोबर?"

"येणार आहे," मी म्हटलं.

"मग काळजी नाही."

त्या रात्री ते नेहमीसारखे जेवले, मला "गं" म्हणाले, आमटी खारट झाल्याचं सांगितलं. दुपारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मीही विषय काढला नाही.

चिपळूणला पोहोचलो तेव्हा आत्या उशीला टेकून बसली होती. दारातूनच बाबांनी तिला लहानपणीच्या नावानं हाक मारली, जे नाव मीही कधी ऐकलं नव्हतं. ती रडायला लागली. ते खाटेवर बसले आणि तिचा हात हातात घेतला.

थोड्या वेळानं आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "हिला ओळखलंस ना, दादा?"

त्यांनी मान वर करून नीट पाहिलं. "यांनी आणलं मला," ते म्हणाले. "फार चांगल्या आहेत. तिकीट मात्र मी स्वतः काढलं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मग ते दोघं विहिरीजवळच्या फणसाबद्दल बोलू लागले. तो कोणी तोडला, कधी तोडला, यावर त्यांचा वाद झाला. मी उठून मागच्या पडवीत गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.