नानांच्या सभेतले आभार

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, घरी, कुकरची शिट्टी होण्याची वाट पाहत उभी होते. पलीकडून कुसुममावशी एवढंच म्हणाली, "बाई, तुहा मामा गेला. ये." रडली नाही, काही सांगत बसली नाही. मी गॅस बंद केला आणि अकोल्याच्या बसमध्ये बसले. आता दोन महिने होत आले. लोक म्हणतात, वय झालं होतं, सुटले बिचारे. सुटले ते खरं... पण त्यांच्या मागे जे घडलं त्यातून आमचं घर काही सुटलं नाही.

नाना म्हणजे माझे सख्खे मामा. पातूरजवळ त्यांची फुलांची शेती आणि अकोल्याच्या जुन्या शहरात हारांचं दुकान. शेवंती, झेंडू, निशिगंध. लग्नाचे हार त्यांच्याकडून जायचेच, पण अंत्ययात्रेचे जास्त, कारण मयताच्या घरी ते कधी भाव सांगत नसत. हार घेऊन स्वतः जायचे आणि मग तिथेच थांबायचे. पुढे काही दिवसांनी प्रार्थना सभा असली की शेवटी घरच्यांच्या वतीने बोलायला कोणी उभं राहायचं, दोन वाक्यांत त्याचा गळा भरून यायचा आणि सगळी सभा अवघडून बसायची. अशा एका सभेत कोणीतरी नानांना उठवलं. तेव्हापासून ते कामच त्यांच्याकडे आलं. मी त्यांना चिडवायची, "नाना, तुमचा धंदा तरी कोणता, हाराचा की आभाराचा?" ते हसायचे आणि म्हणायचे, "दोन्हीत गाठ घट्ट पाह्यजे, पोरी."

आणि खरंच, त्या चार-पाच मिनिटांची त्यांची एक रीत होती. भजन झालं, दोघा-तिघांनी श्रद्धांजली वाहिली, की मौनाच्या आधी ते फोटोच्या बाजूला उभे राहायचे. फोटोकडे पाठ होऊ द्यायची नाही. मौनानंतर बोलायचं नाही, कारण तोवर लोक मनाने उठलेले असतात. आधी परगावाहून आलेले. मग डॉक्टर, दवाखान्यातली माणसं. मग शेजारी, कारण सुतकात चूल बंद असताना पिठलं-भाकरी त्यांनीच पोचवलेली असते. खांदा देणाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, एक घेतलं की दुसरं राहतं. मग तेरवी कुठे, किती वाजता. शेवटी, काही उणं राहिलं असेल तर पोटात घाला. "पुन्हा या" हे शब्द चुकूनही नाहीत. मग घरची माणसं दाराशी हात जोडून उभी राहतात, पाहुणे हात जोडून समोरून जातात, येतो म्हणत नाहीत.

एकदा एका घरचा मुलगा त्यांना म्हणाला, "माझ्या बायकोनं बाबांचं खूप केलं, तिचेही आभार माना." नाना साफ नाही म्हणाले. घरी आल्यावर मी विचारलं, काय बिघडलं असतं? तर म्हणाले, "सून काय पावनी आहे? घरच्याचे आभार चारचौघांत मानले, का त्याले उंबऱ्याच्या भायेर नेऊन उभं केल्यासारखं होते. घरच्याले जेवली काय म्हणून इचारा. तेवढं लई झालं."

कुसुममावशीला ते रोज विचारायचे. ती माझ्या मामीची धाकटी बहीण. मामी गेली तेव्हा त्यांचा मुलगा सुहास बोबडं बोलत होता. त्याला सांभाळायला मावशी चांदूर रेल्वेहून महिनाभरासाठी आली आणि इथलीच झाली. लग्न केलं नाही. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं, लोकांना दुसरं काम काय? तिने सुहासला न्हाऊ-माखू घातलं, धपाटे घातले, इंजिनीअर केलं. तो पुण्याला गेला. मग नानांची एक बाजू लुळी पडली आणि मावशीने त्यांना लहान मुलासारखं सांभाळलं. कूस बदलून देणं, घास भरवणं, चादरी धुणं. शेवटी सुहासने रात्रपाळीला एक अटेंडंट लावला, तरी मावशी पलंगाशेजारी सतरंजी टाकूनच झोपायची. नानांची वाचा गेली होती, पण जेवणाच्या वेळी ते बऱ्या हाताने आधी तिच्या ताटाकडे बोट दाखवायचे.

नानांच्या सभेत बोलायला अर्थातच नाना नव्हते. सुहास म्हणाला, मी बोलतो. सगळ्यांना बरंच वाटलं. पांढऱ्या चादरीवर, घरच्या बायकांत, मावशी सगळ्यात पुढे बसली होती. सुहास बोललाही नीट, गळा आवरून. परगावचे झाले, डॉक्टर झाले, आणि मग तो म्हणाला, "श्रीमती कुसुमताईंनी बाबांची जी निःस्वार्थ सेवा केली, तिला तोड नाही. त्यांचे, आणि रात्रपाळीच्या अटेंडंटचे, आमचं कुटुंब कायम ऋणी राहील."

पोरगा मनापासून बोलत होता हो, त्याचे डोळे भरले होते. मावशीचं नाव राहू नये, म्हणून तर धडपड त्याची! पण "आमचं कुटुंब" म्हणताना त्याने ज्या बाजूला हात केला, त्याच बाजूला मावशी बसलेली होती, आणि माना वळवून सगळी सभा तिच्याकडे पाहत होती. तिने पदर सावरला आणि ती जरा मागे सरकली. बस, एवढंच.

मौन झालं. आम्ही दाराशी रांगेत उभे राहिलो. मावशी आमच्यात आली नाही. ती पाहुण्यांच्या ओळीतून आली. सुहाससमोर थांबली, हात जोडले, आणि पुढे गेली.

तेरवीपर्यंत ती राहिली, पण कशाला हात लावायचा तर आधी विचारू लागली. चहा ठेवू काय? हे भांडं घेऊ काय? ज्या घरात मिठाचा डबा कुठे ते फक्त तिलाच माहीत! सुहास तिच्या पाया पडला, रडला, म्हणाला, "मावशी, माझं काय चुकलं ते तरी सांग." ती म्हणाली, "काई चुकलं नाई. चांगलं बोलला तू. सारे लोक तारीफ करून राह्यले." तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती भावाकडे चांदूर रेल्वेला गेली. मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. "मावशी, रागावलीस का गं?" "राग कायचा, बाई? ज्याच्यासाठी राह्यली होती थो गेला. पोरानं हिशेबानं निरोप देल्ला."

मागच्या आठवड्यात सुहास घर आवरायला आला, म्हणून मीही अकोल्याला गेले. नानांच्या खोलीत पलंग तसाच होता. त्याच्या शेजारी, जमिनीवर, मावशीची सतरंजी घडी करून ठेवलेली. नाना गेले, हे मला खऱ्या अर्थाने तिथे कळलं. त्यांच्यामुळे ज्यांना घर होतं, त्यांचंही घर गेलं. सुहासने त्या पलंगावर बसून मावशीला फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. तो विचारत होता, परत कधी येतेस? मी न्यायला येऊ? मग मावशीने अगदी मायेने, आपण दूरच्या ओळखीच्या माणसाला विचारतो ना, तसं विचारलं,

"तुमच्या घरी सारे बरे आहेत ना?"