सातावर थांबलेली चाळणी

सुलूबाईंना गणित आवडायचं, आणि तेच त्यांना भोवलं. आमच्या भाईंदरच्या शाळेत सगळे टिकले. मीही टिकले, कारण मी मराठी शिकवत होते आणि मराठीत अध्यक्षांना फारसं काही विचारता येत नसे.

सुलू जुन्या भाईंदरची, राघो नाखव्याची मुलगी. डीएड केलेली त्या घरातली पहिलीच. संस्थेने तिला चार वर्षं तात्पुरती म्हणून राबवून घेतलं आणि १९९१ साली कायम करण्याआधी पाठ घ्यायला लावला. वर्ग पाचवीचा. मागच्या बाकांवर मी, मुख्याध्यापिका नीलममॅडम आणि संस्थेचे अध्यक्ष दत्तारामशेठ. शेठ इमारती बांधायचे. त्यांची भाची नुकतीच डीएड झाली होती, हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

सुलूने मूळ संख्यांच्या चाळणीसाठी फळ्यावर दहा ओळींत एक ते शंभर आकडे लिहिले. एक खोडला. दोन ठेवून त्याच्या पटीतले सगळे खोडले, उभेच्या उभे रकाने गेले. तिनाचे तिरपे गेले, पाचाचा रकाना गेला. पोरं खूश होती. मग साताची पाळी आली. साताला असा काही सरळ रस्ता नाही, पाढाच म्हणावा लागतो. तिने रुचिताला फळ्याशी बोलावलं. रुचिता हुशार, जेसल पार्कच्या नव्या इमारतीत राहणारी, पण शेठना भिणारी.

"सात दाहे सत्तर," म्हणत तिने सत्तर खोडला आणि खडू ठेवून जागेवर पळाली.

आमच्याकडे पाढे दहापर्यंतच घोकून घेत. पाढा संपला म्हणजे काम संपलं, हे आम्हीच पोरांच्या डोक्यात बसवलेलं. सुलूचं लक्ष तेवढ्यात वर्गाकडे वळलं होतं.

"आता पुढे खोडायची गरज नाही," ती म्हणाली. "उरल्या त्या मूळ संख्या."

"का नाही? अकरा राहिले ना!" शेठ उठले.

"सर, शंभरापर्यंतच्या संख्येचे दोन अवयव पाडले तर दोन्ही दहाच्या वर असूच शकत नाहीत. अकरा अकरा एकशे एकवीस, ते फळ्याच्या बाहेर. एक अवयव दहाच्या आत येतोच, आणि तिथे दोन, तीन, पाच, सात यांनीच काम होतं."

शेठनी खडू उचलला. बावीस खोडलेला. तेहेतीस, चव्वेचाळीस, पंचावन्न, सहासष्ट, सगळे खोडलेले. सत्त्याहत्तर मात्र तसाच होता.

"ये क्या है?" शेठ वर्गाकडे बघून हसले. नीलममॅडमनी तत्परतेने तेराचा हिशेब लावून एक्याण्णव शोधला.

सुलूच्या लगेच लक्षात आलं. "सर, हे साताचेच राहिलेत. सात अकरे सत्त्याहत्तर, सात तेरे एक्याण्णव. साताचं काम अर्धवट राहिलंय, थांबायची जागा बरोबर आहे."

"बाई, फळ्यावर दिसतंय ना सगळ्यांना? पोरीवर ढकलू नका आता."

पोरंही हसली. शेठ हसल्यावर कोण नाही हसणार! मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, 'विषयज्ञान अपूर्ण.' ज्या बाईला तेराचा पाढा बोटं मोजून म्हणावा लागला, तिने लिहिलं. मला अजून चीड येते.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी सुलूने रुचिताला बोलावून तोच तक्ता पुन्हा काढायला लावला. सत्त्याहत्तर, चौऱ्याऐंशी, एक्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पोरीने साताचं काम पुरतं केलं. पंचवीस मूळ संख्या उरल्या. "बाई, अकराला खोडायला काही उरलंच नाही!" असं ओरडून ती नाचली. त्या वेळी सुलूचा चेहरा पाहायला हवा होता.

वर्ग भाचीकडे गेला. परीक्षेत नेमकी चाळणी आली. रुचिता सातावर थांबली, पंचवीसच्या पंचवीस बरोबर. भाचीने लाल शाईने लिहिलं, 'अकरा, तेरा राहिले', आणि शून्य दिलं. वर वर्गासमोर ओणवं उभं केलं.

रुचिताची आई हंसावहिनी मला घेऊन थेट सुलूच्या घरी गेली. रुचिता मागे उभी होती.

"तुमची नोकरी गेली ती गेली, माझ्या पोरीचं कशाला वाटोळं करताय?"

राघो ओट्यावरून म्हणाला, "पोरीचं काय चुकलं न्हाय, वहिनी."

"चुकलं नाही तर शून्य कसं मिळालं?"

सुलू आत जाऊन पाटीवर सातापर्यंत खोडलेला तोच तक्ता काढून घेऊन आली आणि रुचितासमोर बसली.

"अकराचे खोड."

"पण बाई, ते सगळे खोडलेलेच आहेत. तुम्हीच सांगितलं होतं ना."

"माझं विसर. खोडलेलेच परत खोड," सुलू म्हणाली. "मग तेराचे."

रुचिताने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि बावीसवर दुसरी रेघ मारली.