पोटरीतला गोळा

आमचे हे जालन्याच्या मोंढ्यात हमाल होते. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. तिथं पोतं पाठीवर घेतलं की ओळीनं चालायचं, आणि ओळीत कुणी थांबलं तर मागचे सगळे खोळंबतात. “बैल बसला रे!” म्हणून टोळी हसते. ह्यांच्यावर आजवर कुणी हसलं नव्हतं, म्हणून पोटरीत पहिल्यांदा गोळा आला तेव्हा हे कुणाला काही बोललेच नाहीत. पोतं थप्पीला लावलं, बाजूला झाले आणि बिडी पेटवली. बिडी ओढणाऱ्या हमालाला कुणी हसत नाही.

बिडी संपेपर्यंत गोळा सुटला. पुन्हा चालू लागले की काही अंतरावर पोटरी आवळायची, बिडी पेटवली की मोकळी व्हायची. घरी येऊन मला सांगितलं, “बिडी म्हंजे जालीम दवा हाय बघ. दोन झुरके मारले की गोळा गायब.”

त्यांना तसं वाटलं त्यात नवल नाही. पण मला राग यायचा, अजूनही येतो. आधी दिवसाला एक बंडल पुरायचं, आता दुसरंही फुटायला लागलं. आणि मोंढ्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यात थांबे मात्र वाढतच गेले.

शेवटी बसल्या जागी पाऊल दुखायला लागलं. झोपताना तर हे पाय खाटेवरून खाली लोंबकळत सोडायचे, तेव्हा कुठं जरा बरं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, “वात हाय. बिब्बा घालते.” त्यांचा हात गल्लीत नावाजलेला होता. सुई तापवून बिब्ब्याच्या तेलात बुडवायची आणि दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. फोड येतो, फुटतो, खपली धरून पडते. माझ्याही कंबरेवर त्यांनी ठिपके दिले होते आणि ते नीट बरे झाले होते.

ह्यांच्या घोट्यावरचा फोड फुटला, पण खपली धरेना. जखमेची कड काळी पडत गेली, पाऊल गार पडलं, अंगठाही काळवंडला. वास यायला लागला तेव्हा मी सासूबाईंना न विचारता ह्यांना टांग्यात घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी जखम पाहिली नाही. पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली, मग घोट्यामागं, गुडघ्यामागं आणि शेवटी जांघेत. “किती चाललं की दुखायचं? आणि थांबलं की जायचं?”

“बिडी ओढली की जायचं, साहेब.”

“बिडीनं नव्हे, थांबल्यानं जायचं.” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्यात. चालताना पोटरी जास्त रक्त मागते, ते मिळत नाही, म्हणून गोळा येतो. उभं राहिलं की तेवढं लागत नाही. पन्नाशी आलेली, त्यात तंबाखू. साखरेचा, रक्तदाबाचा आजार असला तर आणखी वाईट. बिडीनंच नळ्या गेल्या, आणि तुम्ही तिलाच औषध समजलात.”

मी विचारलं, “आन् ही जखम?”

“जखम भरायला रक्त लागतं. ते येतच नाही. आधी आला असतात, बिडी सोडून रोज ओझ्याविना चालला असतात, तर पाय टिकला असता.”

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्यावरून पाय कापला. सासूबाई वऱ्हांड्यात माझा पदर धरून म्हणाल्या, “खरं सांग गं, माझ्या बिब्ब्यानं गेला का?” मला “हो” म्हणायचं होतं, इतकी मी चिडले होते. पण पदरावरची त्यांची मूठ सुटत नव्हती. “न्हाई, आत्याबाई,” मी म्हणाले, “नळ्या आधीच गेल्या व्हत्या.” तेही खोटं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या पायावर बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. “नाडी आहे, पण क्षीण. बिडी बंद झाली तर हा पाय वाचण्याची आशा आहे.”

ह्यांनी मान डोलावली. उशीखालचं बंडल काढून माझ्या हातात दिलं, मी ते गटारात टाकलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

ताट घासून परत आले तर हे शेजारच्या खाटेकडं हात पसरून होते. तिथल्या म्हाताऱ्याच्या बोटांत बिडी होती.

“एकच दे बाबा,” हे त्याला म्हणत होते. “कुबडीवर चार पावलं टाकली की ह्या पायात बी गोळा येऊन राह्यला. वढली की सुटतो.”

मी खाली फरशीवर बसले आणि ह्यांचं उरलेलं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं. तेही गार होतं.