पूर्णांकांत e कुठून आला

अकोल्याच्या त्या कॉलेजात मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या खात्यावर चार नकार जमा होते. गणितात एम.एस्सी. करून दोन वर्षं झाली होती आणि अमरावतीत एका क्लासमध्ये मी पोरांना डिफरन्शियल इक्वेशन शिकवत होते, सकाळी तीच, संध्याकाळी तीच. बार्शीटाकळीजवळ आमचा झेंडूचा आणि वांग्यांचा मळा. बाबांनी सरळ सांगितलं होतं, "हे पाचवं शेवटचं. नाही जमलं तं अमरावतीची खोली सोड अन् घरी ये. मले तोडणीले माणूस भेटून नाही राहिलं." त्यात राग नव्हता, पण मला तो दिसलाच. मी रागीट आहे, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. वांग्यांशी माझं भांडण नव्हतं, पण मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं, आयुष्यभर.

जागा वर्षभराचीच होती, पण वर्ग पाहून जीव हरखला. कपाशीवर कुणाचा भरवसा उरला नव्हता, त्यामुळे मूर्तिजापूर, बाळापूरकडची पोरं बी.एस्सी. कॉम्प्युटरला गर्दी करत होती. त्यांना रिकरन्स शिकवायला माणूस हवा होता. विभागप्रमुख बाळापूरचे, पांढऱ्या दाढीचे, अर्धं बोलणं मराठीत अन् अर्धं उर्दूत. त्यांची एक पद्धत होती, ती त्यांनी आधीच सांगून टाकली.

"बेटा, वीस मिनिटं शिकवा. मग मी या अकरा पोरांना एक गणित देणार. तुमचे मार्क ते देणार नाहीत, त्यांचे कागद देतील. चलो, शुरू करो."

बाजूला अमरावतीहून आलेले तज्ज्ञ बसले होते, बारीक मिशीचे, हातात पेन उघडंच. माझ्या आधी दोन उमेदवार होऊन गेले होते. विषयाची चिठ्ठी हातात दिली, तिघांना एकच: 'मुळं वेगळी असताना आणि सारखी असताना'.

सुरुवात झकास झाली. रिकरन्स म्हणजे पुढचं पद आधीच्या दोन पदांवरून काढायचं; शंभरावं हवं असेल तर एकेक पायरी चढत बसा. सूत्र सापडलं की एका उडीत पोचता येतं. मी लिहिलं: aₙ = 5aₙ₋₁ − 6aₙ₋₂, पहिली दोन पदं a₀ = 2 आणि a₁ = 5. "उत्तर rⁿ अशा रूपाचं असेल असं धरू. भागाकार केला की साधं वर्गसमीकरण उरतं: r² − 5r + 6 = 0. हेच कॅरॅक्टरिस्टिक समीकरण." मुळं 2 आणि 3. म्हणजे aₙ = A·2ⁿ + B·3ⁿ. पहिल्या दोन पदांवरून A आणि B दोन्ही 1 निघाले. ताळा केला: रिकरन्सवरून a₂ = 25 − 12 = 13, सूत्रावरून 4 + 9 = 13. पोरं माना हलवायला लागली. तज्ज्ञांनीसुद्धा पेन मिटलं.

मग सारखी मुळं. aₙ = 4aₙ₋₁ − 4aₙ₋₂, a₀ = 1, a₁ = 6. समीकरण r² − 4r + 4 = 0, मूळ 2, दोनदा. "A·2ⁿ + B·2ⁿ लिहून उपयोग नाही," मी ऐटीत म्हणाले, "ते शेवटी एकाच स्थिरांकाचं होतं, आणि आपल्याला दोन पदं जुळवायची आहेत. म्हणून..." आणि दोन वर्षांच्या सवयीने हात फळ्यावर आपला आपण धावला: (A + Bn)e²ⁿ.

मी पुढेही गेले. A = 1 काढला. B काढताना 6 ला e² ने, म्हणजे 2.718… अशा न संपणाऱ्या दशांशाच्या वर्गाने, भागायला लागले, तरी माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. दुसऱ्या बाकावरून एक पोरगी उठली, मूर्तिजापूरची, दोन वेण्यांची.

"मॅडम, हे सारे पूर्णांक हायेत. त्याच्यात e कुठून आला?"

पहिल्यांदा मला तिचाच राग आला. 'बस खाली' हे शब्द जिभेवर आले होते. मग फळ्याकडे पाहिलं आणि कान तापले. तज्ज्ञांचं पेन पुन्हा उघडलं होतं. गुपचूप e पुसून 2 लिहिता आला असता, पण पाठीमागे बावीस डोळे होते. आणि खरं सांगायचं तर स्वतःवरच इतकी चिडले होते की लपवायला सुचलंच नाही.

"चला, ताळा करू," मी म्हणाले. "रिकरन्सवरून a₂ किती?"

"24 वजा 4, वीस!" पोरं एका सुरात ओरडली.

माझ्या सूत्रावरून आलं चौतीसच्या आसपास. वर्ग हसला. मीही हसले, काय करणार. "माझं चुकलं. मी रोज डिफरन्शियल इक्वेशन शिकवते. तिथे e लागतो, कारण e च्या घाताचं डेरिव्हेटिव्ह काढलं तरी तोच घात उरतो, फक्त समोर एक गुणक येतो. इथे डेरिव्हेटिव्ह नाही, इथे एक पाऊल पुढे सरकायचंय. पाऊल सरकलं की rⁿ ला फक्त r ने गुणावं लागतं. म्हणून मूळ 2 आलं की 2ⁿ. मुळात आपण rⁿ च धरलं होतं, मीच विसरले."

मग (A + Bn)2ⁿ लिहिलं. "पण हा n कावून?" त्याच पोरीचा पुढचा प्रश्न. आता मला ती आवडायला लागली होती. n·2ⁿ खरोखर चालतो का ते घालून पाहिलं: 4(n − 1)2ⁿ⁻¹ म्हणजे 2(n − 1)2ⁿ, आणि 4(n − 2)2ⁿ⁻² म्हणजे (n − 2)2ⁿ. वजाबाकी केली की उरतो n·2ⁿ. "मूळ दोनदा आलं म्हणूनच तो बसतो. वेगळ्या मुळांत घालून पाहा, बसणार नाही." A = 1; 2(1 + B) = 6, म्हणून B = 2. सूत्र (1 + 2n)2ⁿ. a₂ = 5 × 4, वीस. a₃ रिकरन्सवरून 80 − 24, सूत्रावरून 7 × 8, दोन्हीकडे छप्पन्न. तेवढ्यात वीस मिनिटं संपली.

प्रमुखांनी पोरांना गणित दिलं: aₙ = 6aₙ₋₁ − 9aₙ₋₂, a₀ = 2, a₁ = 9. मला बाहेर बसवलं. व्हरांड्यात मी मनातल्या मनात खोली आवरली, पुस्तकं पेटीत भरली, बाबांना काय सांगायचं तेही ठरवलं. आतून तज्ज्ञांचा आवाज ऐकू येत होता, "सर, मूलभूत चूक आहे ही!"

अर्ध्या तासाने आत बोलावलं. प्रमुखांसमोर कागदांचे तीन गठ्ठे होते, तिन्ही उमेदवारांनंतरचे. गणितं वेगवेगळी, पण प्रत्येकात मूळ दोनदा येणारं.

"पहिल्या दोघांनी एकही चूक केली नाही. सुंदर अक्षर, सुंदर फळा," ते म्हणाले. "त्यांच्यानंतर या अकरांपैकी अनुक्रमे दोघांचं आणि तिघांचं बरोबर आलं. तुमच्यानंतर नऊ." एक कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. (2 + n)3ⁿ, आणि खाली न सांगता ताळा: 54 − 18 = 36, 4 × 9 = 36.

तज्ज्ञ कुरकुरले, "आधीच्या दोन तासांचा सराव होता पोरांना."

"थोडा असेल," प्रमुख म्हणाले. "पण ताळा आधी कुणी केला नव्हता. सोमवारपासून या, बेटा. अन् ते e जानबूझकर नका करू पुन्हा."

मी थँक्यू म्हणाले की नाही, आठवत नाही. रस्त्यापलीकडच्या एस.टी.डी. बूथमधून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने पोरगं पाठवून बाबांना मळ्यातून बोलावून आणलं. धापा ऐकू येत होत्या.

"बाबा, झालं."

"पर्मनंट हाय?"

"नाही. एक वर्ष."

"मंग रडून काहून राहिली?"

"आनंदानं, बाबा."

मीटरवर आकडे सरकत होते. मला वाटलं फोन कटला.

"बाबा?"

"थांब जराशी," ते कसेबसे म्हणाले. "तुया मायले बोलावतो. मले बोलता येऊन नाही राहिलं."